घरात हृदयाचा आजार : आधी जेनेटिक टेस्ट करायची की आधी टर्म प्लॅन घ्यायचा?

पारिजात_फोंडा
नमस्कार मंडळी, एरवी मी फक्त वाचतो, आज गरज पडली म्हणून लिहितोय. वय ३४, फोंड्याला घर, मुलगी तीन वर्षांची. गेल्या वर्षी बाबांना मंगेशीच्या पायऱ्या चढताना दम लागायला लागला, वयामुळे असेल म्हणून आम्ही सोडून दिलं, मग इको काढला तर हृदयाच्या दोन खालच्या कप्प्यांमधला पडदा १९ मिलिमीटर जाड निघाला. डॉक्टरांनी सांगितलं एचसीएम, म्हणजे हृदयाचा स्नायू जाड होतो आणि हे बऱ्याचदा घराण्यात चालतं. बाबांचं वय ५८. माझे धाकटे काका ४१ वर्षांचे असताना फुटबॉल खेळून घरी आले आणि तासाभरात गेले, तेव्हा सगळ्यांनी अटॅक म्हटलं आणि विषय संपला. आता सगळं जुळतंय असं वाटतं.

बाबांची जेनेटिक टेस्ट केली, ती पॉझिटिव्ह आली. डॉक्टर म्हणतात मुलांनी पण करून घ्या. इकडे मी एक कोटीचा टर्म प्लॅन आणि फॅमिली मेडिक्लेम घ्यायच्या तयारीत होतो. एजंट म्हणतो "आधी पॉलिसी पदरात पाडून घे, मग काय त्या टेस्टा करायच्या त्या कर, आणि बाबांचं कशाला लिहितोस, तुला काय झालंय?" मला धड झोप नाही. एक तर खरंच काय करावं ते सांगा, आणि दुसरं, मला ज्या गोष्टीवर काडीचा ताबा नाही तिच्यासाठी कंपनीने माझ्याकडून जास्त पैसे घ्यायचे, हा अन्याय नाही का? जात विचारून भाडं वाढवलं तर आपण बोंब मारतो, मग हे काय वेगळं आहे?

रोखठोक
वेगळं आहे. जातीने घराचं नुकसान होत नाही, तुझ्या हृदयाने कंपनीचं होऊ शकतं. राग मानू नकोस, पण तुझा जास्तीचा धोका शेवटी कोणीतरी भरणार, कंपनी खिशातून देत नाही, ती माझ्याकडून घेते. मी पण ३५ चाच आहे, मी रोज मिरामारला पळतो, सिगरेट नाही. मी का भरू?

साखळीची_सून
@रोखठोक तुम्ही पळता म्हणून निरोगी, की निरोगी आईबापांच्या पोटी जन्मलात म्हणून पळू शकता? काकांनी पण फुटबॉलच खेळला की.

वास्कोचा_वकील
पारिजात, काळजी करू नकोस, यावर कोर्टाचा निकाल आहे आणि तोसुद्धा नेमका तुझ्याच आजारावर. दिल्ली हायकोर्ट, फेब्रुवारी २०१८, न्या. प्रतिभा सिंग. तायल नावाच्या गृहस्थांना हाच हृदयाचा आजार होता, सरकारी विमा कंपनीने आधीचे क्लेम दिले आणि मग एका वेळी सांगितलं की 'जेनेटिक डिसऑर्डर' आमच्या पॉलिसीत वगळलेले आहेत. कोर्टाने म्हटलं असं सरसकट वगळणं म्हणजे भेदभाव, कलम १४ चा भंग, आणि आरोग्याचा हक्क कलम २१ मध्ये येतो. त्यानंतर मार्चमध्ये विमा नियामक आयआरडीएआयने सगळ्या कंपन्यांना पत्र काढलं की जेनेटिक आजार वगळायचे नाहीत. तेव्हा जीन बघून भेदभाव करायला भारतात बंदी आहे. टेस्ट बिनधास्त कर, जास्त प्रीमियम मागितला तर नोटीस पाठवू.

हिशेबी
वकीलसाहेबांचा अर्धा भाग बरोबर आहे, पण उरलेल्या अर्ध्यावर विसंबून पारिजातने फॉर्म भरला तर अडचणीत येईल. मी बावीस वर्षं अंडररायटिंगमध्ये, म्हणजे कोणाला विमा द्यायचा आणि किती प्रीमियमला ते ठरवण्यात काढली, मुंबईत, आता मडगावला घरी बसून जुन्या मित्रांना त्रास देतो.

त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने त्या निकालाच्या व्यापक भागाला स्थगिती दिली, त्या गृहस्थांच्या क्लेमला हात न लावता. तरी आरोग्य विम्यात प्रत्यक्षात फरक पडला, कारण सप्टेंबर २०१९ मध्ये आयआरडीएआयने वगळण्याच्या कलमांचे एकसारखे नियम केले आणि त्यात जेनेटिक आजार वगळायचे नाहीत असं साफ लिहिलं. पण नीट बघा, हे सगळं कशाबद्दल आहे? पॉलिसी असताना क्लेम नाकारण्याबद्दल. पॉलिसी देताना प्रीमियम किती लावायचा, द्यायची की नाही, याबद्दल त्यात काही नाही. टेस्टचा रिपोर्ट बघून लोडिंग, म्हणजे जादा प्रीमियम, लावू नका, असा कायदा आपल्याकडे नाही. आणि टर्म प्लॅन हा आयुर्विमा, तिथे तर हा २०१९ चा नियम लागूच नाही.

म्हणजे तुमचा क्लेम 'जेनेटिक आहे' म्हणून फेकता येणार नाही, पण तुम्हाला दारातच दुप्पट प्रीमियम सांगता येईल किंवा नम्रपणे नाही म्हणता येईल. भांडण कोर्टात एका दारावर झालं आणि दुसरं दार सताड उघडं राहिलं.

नाना_काणकोणकर
माझा पण असाच अनुभव. मला शुगर आहे २०११ पासून, मेडिक्लेम घेतला, मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं तर कंपनी म्हणते दोन वर्षं झाली नाहीत, पैसे मिळणार नाहीत. माझ्या वडिलांना पण शुगर होती म्हणजे जेनेटिकच की. मग २०१९ चा नियम मला लागू होतो का? वकीलसाहेब फोन नंबर द्या.

हिशेबी
नाना, तो वेगळा विषय. मोतीबिंदूला ठरावीक वेटिंग पिरियड असतो, तो शुगर असो नसो सगळ्यांना, त्याचा वडिलांशी संबंध नाही. दोन वर्षं पूर्ण झाल्यावर दुसऱ्या डोळ्याचं करा. 🙂

नाना_काणकोणकर
दुसऱ्याचं पण झालं हो. ते गोवा सरकारच्या दीनदयाळ आरोग्य कार्डावर झालं. पैसा लागला नाही.

वास्कोचा_वकील
हिशेबी, स्थगिती म्हणजे निकाल चुकला असं नव्हे, ती अंतरिम गोष्ट आहे. कलम १४ चं तत्त्व प्रीमियमलाही लागू होतं असं मला अजून वाटतं, फक्त कोणीतरी ती केस लढवायला हवी.

हिशेबी
लढवा की, मी साक्षीला येतो. पण तोवर पारिजातला फॉर्म भरायचाय.

पारिजात, सरळ सांगतो. फॉर्ममध्ये सहसा विचारतात की आई, वडील, भाऊ, बहीण यांच्यापैकी कोणाला ६० वर्षांच्या आत हृदयविकार, कॅन्सर, पक्षाघात वगैरे झालाय का. कंपनीगणिक शब्द बदलतात. बाबांना ५८ ला निदान झालं, म्हणजे उत्तर 'हो'. काकांबद्दल बहुतेक फॉर्म विचारतच नाहीत, कारण काका पहिल्या नात्यात येत नाहीत. गंमत बघा, तुमच्या धोक्याबद्दल सगळ्यात जास्त सांगणारी गोष्ट म्हणजे ४१ व्या वर्षी गेलेले काका, आणि तीच फॉर्मवर नाही.

एजंटचं ऐकून बाबांचं लपवलंत तर पहिल्या तीन वर्षांत काही झालं की कंपनी फाइल उकरते. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे तीन वर्षांनंतर आयुर्विम्याची पॉलिसी कुठल्याही कारणाने उकरता येत नाही, पण मुलगी तीन वर्षांची असताना तुम्ही नेमका तो जुगार का खेळताय?

टेस्ट अजून केली नसेल तर टेस्टबद्दल सांगण्यासारखं काही नाही, ते कायद्याने पूर्ण बरोबर. पण एक खाच आहे, फॉर्म सही करून दिला आणि पॉलिसी यायच्या आत रिपोर्ट हातात पडला तर तो कळवावा लागतो. बरेच जण तिथे अडकतात.

रोखठोक
म्हणजे आधी पॉलिसी, मग टेस्ट, हाच सल्ला झाला ना? हेच तर मी म्हणतोय. ज्याला आतली बातमी आहे तो मोठी पॉलिसी घेणार आणि ज्याला नाही तो त्याचे पैसे भरणार. याला शेअर बाजारात इनसायडर ट्रेडिंग म्हणतात आणि जेल होते.

हिशेबी
रोखठोक, मुद्दा खरा आहे, पण किती खरा ते आकड्यात बघू. सोपे आकडे घेतो, खऱ्या टेबलातले नव्हेत.

समजा एक हजार माणसं, प्रत्येकाचा एक कोटीचा टर्म, आणि त्या वयात वर्षाला हजारात एक मरतो. म्हणजे वर्षाला एक कोटी द्यावे लागतात, माणशी दहा हजार. खर्च, कमिशन सोडा. एचसीएम साधारण पाचशेत एकाला असतो असं धरतात, म्हणजे या हजारात दोघं. त्यांचा धोका दुप्पट आहे असं धरलं तर दोघांचे मिळून वीस हजार जास्त लागतील. ते हजार जणांत वाटले की माणशी वीस रुपये. रोखठोक, तुमच्या दहा हजारात वीस रुपये. कदंबाच्या तिकिटाएवढे पण नाहीत.

आता दुसरं चित्र. टेस्ट स्वस्त झाल्या, कंपनीला विचारायला बंदी, आणि ज्यांना आपलं माहितेय अशी आणखी वीस माणसं मुद्दाम येऊन पाच-पाच कोटीचे प्लॅन घेतात. प्रत्येकाचे जास्तीचे पन्नास हजार, वीस जणांचे दहा लाख, ते मूळच्या हजारांवर टाकले तर माणशी हजार रुपये. दहा टक्के प्रीमियम वाढला. मग तुमच्यासारखे पळणारे दुसऱ्या कंपनीत जातात, उरलेल्यांचा प्रीमियम अजून वाढतो, अजून काही जातात.

म्हणजे धोका असलेला माणूस आत आहे याने काही बिघडत नाही. तो किती रकमेचं घेऊन आत येतो, याने बिघडतं. इंग्लंडमध्ये नेमकं यावरच बोट ठेवलंय. तिथे सरकार आणि विमा कंपन्यांचा करार आहे, त्यात आधीच भविष्य सांगणारी टेस्ट कंपनीने विचारायची नाही, अपवाद एकच, हंटिंग्टन हा मेंदूचा आनुवंशिक आजार, आणि तोसुद्धा पाच लाख पौंडांच्या वरच्या आयुर्विम्याला. त्याखाली सगळे सारखे.

साखळीची_सून
हे कोणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं. माझं सांगते. माझ्या आईला ४३ व्या वर्षी ब्रेस्ट कॅन्सर झाला, मावशीला ओव्हरीचा. मी टेस्ट केली, बीआरसीए१, म्हणजे या दोन्ही कॅन्सरचा धोका वाढवणारा जीनमधला बदल निघाला. तेव्हापासून दर वर्षी एमआरआय, आणि दुसऱ्या बाळंतपणानंतर ओव्हरी काढून टाकल्या. डॉक्टर म्हणतात माझा धोका आता पुष्कळ खाली आलाय. पण फॉर्मवर रकाना एकच, पॉझिटिव्ह की निगेटिव्ह. कंपनीने टर्म नाकारला, कारण लेखी मागितलं तर दोन ओळींचं पत्र.

माझ्या धाकट्या बहिणीने हे बघून टेस्ट केलीच नाही. ती डिचोलीत मजेत आहे, तिला टर्म मिळाला, आईचं लिहून थोडं लोडिंग लागलं बस. म्हणजे जिने डोळे उघडे ठेवले आणि धोका कमी केला तिला दार बंद, आणि जिने डोळे मिटले तिला उघडं. मला पैशाचं इतकं नाही वाटत, मला बहिणीची भीती वाटते. तिचं वय ३८ झालंय.

रोखठोक
ताई, तुमच्या बाबतीत कंपनीने मूर्खपणा केला. धोका कमी झालाय तर तो मोजायला हवा. पण हा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे, जास्त माहिती घ्या आणि नीट मोजा. तुम्ही म्हणताय मोजूच नका.

साखळीची_सून
मी म्हणतेय की माझी बहीण टेस्टला जाईल अशी व्यवस्था हवी. मोजून जाईल की न मोजता, ते तुम्ही ठरवा.

डॉ_अबोली
उशिरा आले, ड्यूटी होती. मी कार्डिओलॉजीत आहे, कुठे ते विचारू नका. पारिजात, एक गोष्ट कोणीच विचारली नाही. बाबांच्या रिपोर्टवर 'पॉझिटिव्ह' शब्दाच्या पुढे काय लिहिलंय? जीन कुठला आणि त्यातला बदल कुठला? फोटो टाकू नका, नाव-गाव असेल त्यावर, फक्त टाइप करा.

पारिजात_फोंडा
थांबा, फाइल आईच्या कपाटात होती. एमवायबीपीसी३ असं आहे, आणि खाली '२५ बेस पेअर डिलीशन, इंट्रॉन ३२, हेटरोझायगस'. मग एक परिच्छेद इंग्रजीत, शेवटी 'क्लिनिकल कोरिलेशन' असं काहीतरी.

डॉ_अबोली
मला हीच शंका होती. आता शांतपणे वाचा.

हा बदल भारतात फार कॉमन आहे. २००९ मध्ये नेचर जेनेटिक्समध्ये यावर पेपर आला होता, भारतीय लोकांमध्ये साधारण शंभरात चौघांकडे हा सापडतो आणि त्यांच्यात हृदयाच्या स्नायूचा आजार जास्त दिसतो, असं त्यात होतं. प्रांताप्रांतात प्रमाण वेगळं आहे, पण गोव्याची लोकसंख्या पंधरा लाख धरून नुसता सरासरीने गुणाकार केला तरी साठ हजार माणसं होतात. एचसीएम पाचशेत एकाला, म्हणजे गोव्यात तीन हजार. साठ हजारांकडे बदल आणि आजार तीन हजारांना, त्या तीन हजारांतही बाकी जीनवाले भरपूर. यावरून दिसतं की हा बदल असलेल्या बहुतेकांना हा आजार होतच नाही. नंतरच्या कामात असंही दिसलं की यातल्या थोड्या लोकांकडे त्याच जीनमध्ये जवळच आणखी एक बदल असतो आणि हृदयावरचा परिणाम मुख्यतः त्यांच्यात दिसतो.

म्हणजे बाबांचा आजार याच्यामुळेच झाला असं छातीठोक सांगता येत नाही. खरं कारण दुसऱ्या जीनमध्ये असू शकतं, जे या टेस्टमध्ये सापडलं नाही. तुम्ही ही टेस्ट केली आणि पॉझिटिव्ह आली तर काहीच सिद्ध होत नाही, निगेटिव्ह आली तर तुम्ही सुटलात असंही नाही, आणि ते दुसरं जास्त वाईट, कारण माणूस मग इको काढायला जात नाही. रिपोर्ट घेऊन आधी जेनेटिक काउन्सेलरला दाखवा.

पारिजात_फोंडा
म्हणजे महिनाभर मी ज्या कागदाला घाबरून बसलोय तो...

डॉ_अबोली
तो कागद बाजूला ठेवा, पण काकांना बाजूला ठेवू नका. ४१ व्या वर्षी खेळानंतर अचानक मृत्यू आणि सख्ख्या भावाला १९ मिलिमीटरचा पडदा, ही हिस्टरी त्या रिपोर्टपेक्षा जड आहे. तुम्ही आणि तुमची भावंडं, सगळ्यांनी ईसीजी आणि इको काढा. जवळच्या नातेवाइकात १३ मिलिमीटरपासून आम्ही संशय घेतो, एरवी १५ धरतो. नॉर्मल आला तरी मोठ्या माणसाने दर तीन ते पाच वर्षांनी परत काढायचा, कारण हा आजार चाळिशी-पन्नाशीतही उगवतो. आणि मैदानावर चक्कर, छातीत धडधड झाली तर वाट बघायची नाही, थेट बांबोळीच्या हॉस्पिटलात.

हिशेबी
डॉक्टर, तुम्ही माझ्या जुन्या ऑफिसात हव्या होतात. आमच्याकडे 'कार्डिओमायोपॅथी जीन पॉझिटिव्ह' एवढं दिसलं की पुढे कोणी वाचत नसे. अंडररायटर काही दुष्ट नसतो, त्याच्याकडे रीइन्शुरन्स कंपनीचं, म्हणजे विमा कंपन्यांचाच विमा उतरवणाऱ्या कंपनीचं मॅन्युअल असतं, ते मुख्यतः परदेशी लोकांच्या आकड्यांवर, आणि त्यात ही डिलीशन कुठे बसवायची ते धड नसतं. मग तो सगळ्यात वरचा खण उघडतो आणि नाकारतो. चूक पकडली जात नाही, कारण नाकारलेला माणूस पुढे चाळीस वर्षं धडधाकट जगला तर कंपनीला कुठे कळतं?

आणखी एक. हे जीनचे आकडे सुरुवातीला येतात कुठून? हॉस्पिटलात आलेल्या घराण्यांमधून. ज्या घरात तीन माणसं आजारी आहेत तेच लोक टेस्टला येतात, मग त्या जीनचा धोका असतो त्यापेक्षा मोठा दिसतो. ज्यांच्याकडे तोच जीन आहे आणि आजोबा नव्वदीत नारळ पाडतायत, ते कधी मोजलेच गेले नाहीत. म्हणून रोखठोक, 'नीट मोजा' हे तत्त्व म्हणून मला मान्य, पण मोजायला हातात जी पट्टी आहे ती बऱ्याच जीनसाठी वाकडी आहे. वाकड्या पट्टीने घेतलेला जादा प्रीमियम हा अन्यायच, त्याला तत्त्वज्ञान लागत नाही.

रोखठोक
मान्य, वाकडी पट्टी वापरू नये. पण पट्टी सरळ असेल तेव्हा? हंटिंग्टन घ्या. तिथे जीनमधला एक तुकडा ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त वेळा रिपीट झालेला असला की आयुष्य पुरेसं लांबलं तर आजार होतोच असं वाचलंय. तिथे पण सारखाच प्रीमियम?

डॉ_अबोली
४० आणि वर रिपीट असतील तर हो, जवळपास खात्रीच. ३६ ते ३९ मध्ये कोणाला होतो, कोणाला नाही. पण असे आजार थोडे आहेत.

हिशेबी
तिथे माझं मत डळमळतं, खरं सांगतो. आयुर्विम्यात मी इंग्लंडसारखी मर्यादा ठेवीन, घर चालेल एवढी रक्कम सगळ्यांना सारख्या दराने, त्याच्या वर विचारा. आरोग्य विम्यात मात्र विचारूच नये. पाच कोटीचा टर्म नाही मिळाला तर घर छोटं घ्याल, मेडिक्लेम नाही मिळाला तर ऑपरेशनच राहतं. अमेरिकेने २००८ मध्ये हीच रेघ मारली, आरोग्य विमा आणि नोकरीत जेनेटिक माहिती वापरायला बंदी, आणि त्यात कुटुंबाची हिस्टरी पण धरली, पण आयुर्विमा मोकळा सोडला. कॅनडाने २०१७ मध्ये सगळ्याच करारांना बंदी केली, तिथल्या सुप्रीम कोर्टात २०२० मध्ये ती पाच विरुद्ध चार अशी जेमतेम टिकली.

वास्कोचा_वकील
बघा, कॅनडात टिकली. आपल्याकडे पण टिकेल.

रोखठोक
पण वयाचं काय? वय पण मी निवडलं नाही. बाई म्हणून जन्म घेणं पण कोणी निवडत नाही, आणि बायकांना टर्म स्वस्त पडतो, तेव्हा कोणी अन्याय म्हणत नाही. ताब्यात नाही म्हणून अन्याय, हा नियम लावला तर अख्खा विमाच बंद करावा लागेल.

साखळीची_सून
वय सगळ्यांना येतं. तुम्ही आज पस्तिशीत कमी भरता, पन्नाशीत जास्त भराल, आयुष्यभरात हिशेब जुळतो. माझा जीन तुम्हाला कधी येणार नाही, आणि मला सोडून कधी जाणार नाही. मुलीला गेला असेल तर तिच्या फॉर्मवर पण. वयाशी त्याची तुलना नको.

रोखठोक
हं. बायकांच्या स्वस्त टर्मला हे उत्तर लागू होत नाही, पण वयापुरतं बरोबर आहे.

नाना_काणकोणकर
तुम्ही सगळे खूप शिकलेले. मी एवढंच विचारतो, दीनदयाळ कार्डाला मला कोणी बापाचं विचारलं नाही, काकाचं नाही. पाच वर्षं गोव्यात राहिलोय का ते विचारलं, दोन-तीनशे रुपये घेतले, फोटो काढला. शुगरवाल्याला तेवढेच आणि पळणाऱ्याला पण तेवढेच. ते चालतं, मग हे का नाही?

हिशेबी
नाना, आज पहिल्यांदा तुम्ही विषयावर बोललात आणि थेट मुळाशी गेलात. ते चालतं कारण पैसे सरकार भरतं आणि रकमेला छत आहे, तिघांपर्यंतच्या घराला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाख. कोणी निरोगी माणूस त्यातून निघून दुसरीकडे जाऊन सरकारचं नुकसान करू शकत नाही. खासगी कंपनीला ती सोय नाही. पण छत वर गेलं तर पैसे कुठून, ते गोव्याच्या बजेटला विचारायला हवं. पडद्याचं ऑपरेशन किंवा छातीत बसवायचं डिफिब्रिलेटर यांचे खासगीतले दर बघा आणि अडीच लाखाशी ताडून बघा.

पारिजात, मेडिक्लेमसाठी एक बारीक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती आधी सांगायला हवी होती इतकी महत्त्वाची. प्री-एक्झिस्टिंग, म्हणजे पॉलिसीच्या आधीपासूनचं दुखणं, याची व्याख्या फक्त निदान झालेल्या आजारापुरती नाही. पॉलिसीच्या आधीच्या ३६ महिन्यांत डॉक्टरने निदान केलं असेल किंवा ज्यासाठी वैद्यकीय सल्ला, उपचार सांगितला असेल, असं सगळं त्यात येतं. आता इको नॉर्मल, पण डॉक्टरने कागदावर लिहिलं की 'एचसीएमची फॅमिली हिस्टरी, दर तीन वर्षांनी इको', तर हा सल्ला झाला का? माझ्या मते आजारच नाही तर प्री-एक्झिस्टिंग कसलं, पण क्लेम डिपार्टमेंटमधला माणूस उलटं म्हणेल आणि मी त्या खुर्चीत असतो तर कदाचित मीही म्हटलं असतं. तसं धरलं तर तीन वर्षांपर्यंत त्या आजाराचा क्लेम लटकतो. म्हणून सगळं लिहून द्या, पॉलिसीवर त्यांनी काय मान्य केलं ते लेखी घ्या. पाच वर्षं सलग पॉलिसी चालली की मग फसवणूक सिद्ध केल्याशिवाय जुनं काही उकरता येत नाही.

वास्कोचा_वकील
व्याख्येच्या त्या भागावर मी भांडायला तयार आहे. संदिग्ध कलमाचा अर्थ ग्राहकाच्या बाजूने लावायचा, हे पक्कं तत्त्व आहे.

हिशेबी
भांडाल, जिंकाल पण. पण पेशंट तेव्हा आयसीयूत असतो.

पारिजात_फोंडा
सगळ्यांचे आभार, देव बरें करूं. ठरवलंय असं की आधी मी आणि ताई इको आणि ईसीजी काढणार, येत्या आठवड्यात. मग फॉर्म, बाबांचं सगळं लिहून. जेनेटिक टेस्ट सध्या नाही, काउन्सेलरने सांगितलं तरच. एजंट बदलतोय. अन्यायाचं मात्र माझं समाधान झालेलं नाही. इको नॉर्मल आला तरी बाबांचं लिहिलं म्हणून लोडिंग लागणारच, आणि ते कुठल्या आकड्यावरून लावलं ते मला कोणी सांगणार नाही. हिशेबीकाका, ते विचारता येतं का?

हिशेबी
विचारा, लेखी विचारा. लोडिंग लावलं तर तुमची संमती घ्यावी लागते, त्याच पत्राला उत्तर म्हणून आधार मागा. बहुतेक 'कंपनीच्या अंडररायटिंग धोरणानुसार' असं एक वाक्य येईल. ते आलं की दुसऱ्या दोन कंपन्यांकडे प्रपोजल टाका, दरात फरक किती पडतो ते बघा. त्या फरकावरूनच कळतं की आकडा कुठल्या टेबलातून आलाय की डोक्यातून. पण एका ठिकाणी नकार मिळाला तर पुढच्या फॉर्मवर 'पूर्वी नाकारलं का' याला हो लिहावं लागतं, म्हणून पहिली कंपनी विचार करून निवडा.

साखळीची_सून
हे नकाराचं माझ्या बाबतीत झालंय. पहिल्या नकारानंतर बाकीच्यांनी रिपोर्ट वाचलाच नाही.

डॉक्टर, तुम्ही जिथे आहात तिथे बहिणीला नुसतं बोलायला पाठवू शकते का? टेस्टचा आग्रह न धरता.

डॉ_अबोली
माझा विभाग हृदयाचा, पण पाठवा, योग्य माणसाशी गाठ घालून देते. टेस्ट न करताही आईची हिस्टरी धरून मॅमोग्राफी-एमआरआयचं वेळापत्रक ठरवता येतं. मेसेज केलाय.

रोखठोक
पारिजात, इकोचा आकडा आला की इथे टाक.